बेअरिंग 'ठोकणे' आणि 'ब्रिनेलिंग'

प्रश्न : मोटरच्या शाफ्टवर बेअरिंग 'ठोकलं' म्हणावं की 'बसवलं'? आणि त्यात पडणाऱ्या खड्ड्यांना 'ब्रिनेलिंग' का म्हणतात?

'चढवलं' म्हणा. जुनं, नेमकं क्रियापद आहे. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतात, तेच इथे घडतं. भाषांतरांत 'इंटरफिअरन्स फिट'साठी 'हस्तक्षेप बसवणूक' वाचलं की माझा संताप होतो. इथे कोणी कशात हस्तक्षेप करत नाही. शाफ्ट भोकापेक्षा केसभर जाड असतो, एवढंच. 'घट्ट बसणी' म्हटलं की काम भागतं.

आता ब्रिनेलिंग. योहान ऑगस्ट ब्रिनेल हा स्वीडिश अभियंता. त्याने १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात धातूची कठीणता मोजण्याची रीत मांडली : १० मिलिमीटरची पोलादी गोळी ३००० किलोच्या भाराने दाबायची आणि उमटलेल्या खळगीचा व्यास मोजायचा. आता ६२०६ नंबरचं बेअरिंग घ्या. आत बहुधा ९ गोळ्या, प्रत्येक सुमारे साडेनऊ मिलिमीटरची. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारलीत की तो घाव गोळ्यांतूनच आतल्या रिंगपर्यंत जातो, आणि ब्रिनेलची चाचणी नऊ ठिकाणी एकदम होते! शब्द इतका चपखल असताना काही जण त्याला 'गंजाचे डाग' म्हणतात, हे मला पटत नाही.

खूण अगदी स्पष्ट असते. खळग्या गोळ्यांच्याच अंतरावर, खोबणीच्या मध्यावर नव्हे तर एका कडेकडे सरकलेल्या, आणि भिंगातून पाहिलं तर तळाशी ग्राइंडिंगच्या रेघा शाबूत. रेघा पुसून तांबूस भुकटी जमली असेल, तर ते खोटं ब्रिनेलिंग : बंद मोटर शेजारच्या कंपनाने थरथरत राहिल्यामुळे झालेली झीज. तिचा दोष बेअरिंग चढवणाऱ्यावर टाकू नये.

ठोकायची गरजच नसते. ६२०६चं भोक ३० मिलिमीटर. शाफ्टच्या नेहमीच्या टॉलरन्सप्रमाणे तो भोकापेक्षा जास्तीत जास्त २१ मायक्रॉन जाड निघतो. बेअरिंग शाफ्टपेक्षा ८० अंशांनी गरम केलं की भोक सुमारे २९ मायक्रॉन फुगतं, म्हणजे हाताने सरकतं. शाफ्ट २० अंशांवर असेल तर बेअरिंग १०० अंशांवर न्या. १२० ओलांडू नका, ज्योत तर लावूच नका. सीलबंद, आधीच ग्रीस भरलेलं असेल तर मर्यादा आणखी खाली येते. शाफ्टच्या खांद्याला टेकवून, पकड येईपर्यंत दाबून धरा, कारण थंड होताना रिंग रुंदीनेही आकसते आणि खांद्यापाशी फट राहते.

प्रेसने दाबायचं असेल तर नळीचं तोंड फक्त आतल्या रिंगवर टेकलं पाहिजे.