आजी अचानक ‘अहो-जाहो’ करते तेव्हा

“बाबा, मी साडेदहाला उठलो तर आजी म्हणाली, ‘उठलात का महाराज? फारच लवकर!’ मला ‘उठलात’ का म्हणाली? ही आयरनी की सारकॅझम?”

प्रिय निमू,

हा टोमणा होता, म्हणजे सारकॅझम. शब्दांचा अर्थ उलटा होता, पण तेवढ्याने टोमणा होत नाही. तो कुणाला तरी लागावा लागतो, आणि हा नेमका तुला लागला.

खूण तुला बरोबर सापडली. रोज ‘अरे निमू’ म्हणणारं माणूस एकदम ‘उठलात’, ‘आपण’, ‘महाराज’ म्हणायला लागलं की सावध व्हायचं. आपल्याकडे राग आला की मान वाढतो! काही घरांत मात्र लहान मुलांनाही मनापासून अहो-जाहो करतात, तिथे ही खूण चालत नाही. नुसत्या मेसेजवरही फसायला होतं, कारण ‘फारच’वरचा आजीचा हेल त्यात ऐकू येत नाही.

आता आयरनी. परवा तुझ्या आईला मी वेळेवर निघण्यावर भाषण दिलं. भाषण इतकं रंगलं की माझीच ट्रेन चुकली. यात कुणी कुणाला काही बोललं नाही, घडलं तेच उलटं घडलं. ही प्रसंगातली आयरनी. संध्याकाळी आई म्हणाली, “वक्तशीरपणाचे धडे कधी देताय पुन्हा?” झाला सारकॅझम! प्रसंग तोच, फक्त आता त्याला नेम मिळाला.

बोलण्यातली आयरनीही बिनविषारी असू शकते. इथे सलग चार दिवस पाऊस आहे आणि शेजारचे काका लिफ्टमध्ये म्हणतात, “वा, काय ऊन पडलंय!” आम्ही दोघंही हसतो, कारण ढगाला काही लागत नाही. पण “आज पाऊस नाही, छत्री कशाला?” असं मी म्हटलेलं असताना, भिजून आलेली आई “काय अंदाज आहे तुमचा!” म्हणाली, तर वाक्य तसंच उलटं, पण लागतं मला.

आणि टोमण्याला उलटा अर्थ लागतोच असंही नाही. “झाला का पोटभर फोन बघून?” यात उलटं काहीच नाही. तरी लागतं ना?

गोंधळ होतो तो शब्दामुळे. मराठीत ‘उपरोध’ म्हटलं की उलटं बोलणं आणि टोचून बोलणं दोन्ही त्यात येतं. प्रसंगातल्या आयरनीला पुस्तकी शब्द ‘दैवदुर्विलास’, पण ट्रेन चुकल्यावर तो कोण वापरणार? आपण आपलं “गंमत बघ” म्हणतो.

आजीला सांग, महाराज उद्या आठला उठणार आहेत. नाही उठलास तर काय ऐकायला मिळालं ते शब्दन् शब्द मला कळव.

तुझा,
बाबा