एकोणपन्नास तासिकांचे धडे, बत्तीस तासिकांचे दिवस

"आठवीला विज्ञान शिकवते. पुरामुळे जुलैत शाळा बंद राहिली. आता ऑगस्ट उजाडला आणि माझे तीनच पाठ झालेत. प्रथम सत्राचे चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सात पाठ उरलेत. वार्षिक नियोजन भरलेलं आहे, पण रोजचं टाचण काढायला बसले की दिवस पुरतच नाहीत. पाठ गाळू की भराभर वाचून संपवू?"

बाई पंचगंगेकाठच्या एका शाळेतल्या. वर्गात बेचाळीस मुलं, त्यातली बरीच चिखली-आंबेवाडीकडून येणारी. सोबत त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: वार्षिक नियोजन, मागच्या वर्षीची टाचण वही आणि वर्गाचं वेळापत्रक. उत्तर बरंचसं त्या टाचण वहीतच होतं.

आधी दिवस मोजले, आणि तेही तासिकांमध्ये. 'ऑगस्ट-सप्टेंबर, दोन महिने' असा हिशोब इथे कामाचा नाही. सत्र परीक्षेपर्यंत नऊ आठवडे होते आणि विज्ञानाच्या आठवड्याला पाच तासिका, म्हणजे कागदावर ४५. त्यातून आधी गणपती-गौरी आणि इतर सुट्ट्या काढल्या. पण फक्त विज्ञानाची तासिका ज्या वारी येते त्याच. अशा चार निघाल्या. घटक चाचणीच्या आठवड्यात तीन गेल्या. पंधरा ऑगस्टची तालीम आणि विज्ञान प्रदर्शन यांत दोन. राहिल्या ३६. त्यातल्या चार राखीव ठेवल्या, साधारण दोन आठवड्यांना एक. राखीव तासिका सगळ्या शेवटी ठेवल्या तर त्या कधीच हाती लागत नाहीत, कारण तोवर प्रत्येक पाठ थोडा थोडा सांडलेला असतो. म्हणून चारही तासिकांना तारखा घातल्या आणि त्यांच्यापुढे काहीच लिहिलं नाही. शिकवायला उरल्या ३२.

वार्षिक नियोजनातली सात पाठांची मागणी ४९ होती: धाराविद्युत आणि चुंबकत्व ९, अणूचे अंतरंग ८, द्रव्याचे संघटन ८, धातू-अधातू ६, प्रदूषण ६, आपत्ती व्यवस्थापन ५, पेशी व पेशीअंगके ७. तूट सतराची. अशा वेळी सगळेच जण प्रत्येक पाठातून थोडं थोडं कापतात. तसं केलं की अवघड पाठ अर्धवट राहतो आणि सोपा पाठ आहे तसाच ऐसपैस राहतो. पाठ गाळण्याचा तर प्रश्नच नव्हता. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, आणि अणूचा पाठ कच्चा राहिला तर दुसऱ्या सत्रातला रासायनिक बंधांचा पाठ उभाच राहत नाही.

मग वेळापत्रकातले वार पाहिले. पाचपैकी एक तासिका शनिवारी सकाळच्या शाळेत होती. ती आखूड, आणि हजेरीही कमी. बाई त्या दिवशीही आदल्या दिवशीचाच पाठ पुढे ओढत होत्या. त्यामुळे सोमवारी पहिली दहा मिनिटं 'शनिवारी कोण कोण नव्हतं' यातच जायची. सातपैकी दोन पाठ असे आहेत की ते आधीच्या पाठांवर अवलंबून नाहीत आणि पुढच्या पाठांनाही त्यांची पायरी लागत नाही: प्रदूषण आणि आपत्ती व्यवस्थापन. ते दोन्ही शनिवारच्या रुळावर टाकले. नऊपैकी सहा शनिवार धड मिळणार होते. त्यातल्या तिनांत हवा, जल आणि मृदा प्रदूषण, उरलेल्या तिनांत भूकंप, आग आणि दरड कोसळणे. दर शनिवारी एक विषय, तिथेच सुरू आणि तिथेच बंद. एखादं मूल गैरहजर राहिलं तरी त्याचा सोमवारचा धागा तुटत नाही.

इथे कोल्हापुरात हमखास घसरायला होतं. आपत्तीचा पाठ निघाला की मुलं पुराचंच बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं, मग ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, मग बोटीतून कोण कसं बाहेर आलं. प्रत्येकाकडे गोष्ट आहे आणि ती ऐकावीशी वाटते. पण महापूर मुलं सातवीत शिकून आलेली असतात. मागच्या वर्षीच्या टाचणात या पाठाच्या पाच तासिकांपैकी दोन पुराच्या चर्चेत गेलेल्या दिसल्या, आणि आगीचे प्रकार व अग्निशमन एका तासिकेत उरकलेले. पुराला आपत्तीच्या पहिल्या शनिवारची सुरुवातीची पाच मिनिटं द्या, त्याहून जास्त नको.

सोमवार ते शुक्रवारसाठी राहिल्या २६ तासिका आणि पाठ पाच. वाटणी अशी झाली: धाराविद्युत ७, अणू ५, द्रव्याचे संघटन ५, धातू-अधातू ४, पेशी ५. धाराविद्युतच्या नवातून दोनच कमी केल्या, कारण तिथे परिपथ जोडणं आणि खिळ्याला तार गुंडाळून विद्युतचुंबक करणं मुलांच्या हातून व्हायला हवं. ते फळ्यावर होत नाही.

खरी काटछाट अणूच्या पाठात आहे, तीच जवळून बघू. मागच्या वर्षी बाईंनी त्याला आठ तासिका दिल्या होत्या. टाचण वहीत त्या अशा पडल्या होत्या: डाल्टन एक, थॉमसन एक, रुदरफोर्ड आणि बोर एक, अणुअंक व अणुवस्तुमानांक एक, इलेक्ट्रॉन संरूपण आणि संयुजा मिळून एक, समस्थानिके व अणुभट्टी एक, आणि शेवटच्या दोन तासिका 'स्वाध्याय लेखन'. म्हणजे शास्त्रज्ञांना तीन, उत्तरं सांगून लिहून घ्यायला दोन, आणि पाठाचा कणा असलेल्या संरूपणाला अर्धी! पुढच्या पाठात संयुजा पुन्हा येते तेव्हा मुलांना काही आठवत नसे, म्हणून तिथे आणखी दोन तासिका जात. आठ देऊनही पाठ पुरला नव्हता.

नव्या वाटणीत पहिल्या तासिकेला एकच प्रश्न आहे: अणूच्या आत बहुतेक जागा रिकामी आहे, हे कशावरून कळलं? डाल्टनचा भरीव अणू आणि थॉमसनचं प्लम पुडिंग हे दोन आकृत्यांत, पाच-सहा मिनिटांत होतं, आणि वेळ रुदरफोर्डच्या सोन्याच्या पत्र्याला मिळतो. दुसऱ्या तासिकेत बोरच्या कक्षा, मग प्रोटॉन-न्यूट्रॉन मोजून अणुअंक आणि अणुवस्तुमानांक. तिसरी तासिका फक्त संरूपणाची: सोडिअम २, ८, १, मॅग्नेशिअम २, ८, २, क्लोरीन २, ८, ७. चौथीत त्याच तीन मूलद्रव्यांवरून संयुजा काढायची आणि तिथेच NaCl व MgCl₂ ही रेणुसूत्रं लिहायची. हा भाग खरं तर सहाव्या पाठाच्या शेवटी येतो, पण तो इथे उचलून आणला की दोन पाठांतली पुनरुक्ती संपते. सहाव्या पाठाच्या त्या भागात मग मूलकांसाठी तिरकस गुणाकार एवढंच राहतं, त्याला एक तासिका पुरते. पाचवीत समस्थानिके, अणुभट्टीचा परिच्छेद मुलांनी घरी वाचून यायचा, वर्गात त्यावर दोन प्रश्न. स्वाध्याय वेगळा ठेवलाच नाही. ज्या दिवशी जो मुद्दा झाला, त्यावरचे दोन प्रश्न त्याच दिवशी घरी. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी वह्या बदलून तपासणी, तीन मिनिटांत.

रोजचं टाचण काढताना ३५ मिनिटं अशी वाटा: हजेरी आणि स्थिरावणं चार, कालच्यावर प्रश्न व वही तपासणी पाच, नवा मुद्दा पंधरा, मुलांनी स्वतः सोडवणं आठ, शेवटची तीन मिनिटं चिठ्ठीवर एक प्रश्न. नव्याला पंधराच मिनिटं आहेत हे कागदावर दिसलं की एका दिवसात तीन संबोध लिहायला हात आपोआप आखडतो. टाचणाच्या डोक्यावर पाठाचं नाव लिहून थांबू नका, त्या दिवशीचा प्रश्न लिहा. 'अणूचे अंतरंग, भाग ३' यावरून कुठे थांबायचं ते कळत नाही. 'सोडिअमचं संरूपण मुलं स्वतः लिहितील का' यावरून कळतं.

चिठ्ठ्यांवरून पुढचा दिवस ठरतो. बेचाळिसांतल्या अठ्ठावीस-तीस मुलांनी बरोबर लिहिलं तर पुढे जा. चुकलेल्यांना शेजारचा समजावेल किंवा राखीव दिवशी बघू. त्याहून कमी असतील तर दुसऱ्या दिवशी नव्या मुद्द्यातली आठ मिनिटं कालच्याला द्या, अख्खी तासिका देऊ नका. संरूपणाच्या दिवशी बाईंना बरोबर चिठ्ठ्या एकोणीसच मिळाल्या. चूक बहुतेकांची एकच होती: मुलं कक्षांमध्ये अणुअंकाऐवजी अणुवस्तुमानांक वाटून टाकत होती, म्हणजे सोडिअमचे ११ इलेक्ट्रॉन न घेता २३. आठ मिनिटांत ते सुटलं. चिठ्ठी नसती तर हे घटक चाचणीत कळलं असतं.

राखीव तासिका केव्हा खर्चायची याचाही नियम लागतो. एक तासिका मागे पडलात तर काही करू नका, पुढच्या पाठात ती भरून निघते. दोन मागे पडलात तर राखीव वापरा. पाऊस वाढून अर्धा वर्ग गैरहजर असेल, तर शाळा चालू असली तरी तो दिवस नव्या मुद्द्याचा धरू नका. त्या दिवशी उजळणी घ्या आणि एक राखीव वापरली असं लिहा. चारही संपल्या आणि तरी मागे असाल, तर पेशीचा दहावा पाठ दुसऱ्या सत्रात न्यावा. त्याचा चार ते नऊ पाठांशी संबंध नाही, आणि पुढे अकरावा पाठ मानवी शरीराचाच असल्यामुळे तो तिथे जुळतोही. मात्र हे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मुख्याध्यापकांना लेखी कळवून, सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका निघण्याआधी करायला हवं. दुसऱ्या तुकडीला वेगळे शिक्षक असतील तर त्यांच्याशीही बोलून घ्या, नाहीतर एका वर्गाला न शिकवलेल्या पाठावर प्रश्न येतो.

बाईंची शेवटची शंका तपासणीची होती: वार्षिक नियोजनात आठ तासिका आणि टाचणात पाच, तर शेरा येईल का? वार्षिक नियोजन खोडू नका. त्याच्या शेजारी 'सुधारित' असा रकाना आखा, त्यात नवी संख्या आणि एका ओळीत कारण लिहा: 'पूरपरिस्थितीमुळे शाळा बंद, संयुजा पाठ ५ मध्ये एकत्र'. शनिवारच्या पाठांची टाचणं वहीत मागच्या बाजूने सुरू करा, म्हणजे दोन रुळांची सरमिसळ होणार नाही. मुख्याध्यापकांची सही सुधारित रकान्यावर घ्या, आणि ती पहिली नवी तासिका घेण्याआधी घ्या.