रात्रीच्या गाडीवरचं सहावं अंडं

प्रश्न : रात्री गाडीवर ऑम्लेट करणारे एका हाताने धडाधड अंडी फोडतात. मध्येच एखादं नासकं निघालं तर काय करतात?

मी दोन वर्षं रात्रीची गाडी लावली आहे, त्यामुळे एका रात्रीचंच सांगतो.

दुसरी पाळी सुटली होती. तिघं जण आले, प्रत्येकाचं दोन अंड्यांचं ऑम्लेट. त्यांच्यातल्या एक ताई गणवेशातच होत्या. स्टुलावर बसल्या, चपला काढून तळवे दाबत राहिल्या. घाई करावी म्हणून मी सहाही अंडी एकाच मगात फोडायला घेतली. पाच नीट पडली. सहावं फुटलं आणि वास आला. पिवळं-पांढरं एक होऊन राखाडी पाणी झालेलं. आधीची पाच चांगली अंडीही गेली, कारण तो वास तव्यावर टाकून जात नाही. तो मग घासून, हात धुऊन पुन्हा सुरुवात केली, तोवर ताईंना बसल्या जागी डोळा लागला होता. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला माझ्या आळसापायी थांबावं लागलं, हे मला फार लागलं.

तेव्हापासून प्रत्येक अंडं आधी लहान वाटीत फोडायचं, बघायचं, मग मगात ओतायचं. तुम्हाला लांबून धडाधड दिसतं, पण सवयीचा माणूस मध्ये ही वाटी ठेवतोच. अंडं मगाच्या काठावर आपटत नाही, सपाट फळीवर आपटतो. काठ कवच आत ढकलतो आणि कपच्या पडतात. पडलीच एखादी, तर अर्ध्या कवचानेच उचलायची. बोटाने ती निसटत राहते.

संशय आला तर अंडं आधी पाण्यात सोडतो. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतला ओलावा उडतो आणि हवेची पोकळी वाढते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. उभं राहिलेलं बहुधा खाण्याजोगं असतं, फक्त वाटीत फोडून खात्री करायची. तरंगणारं मी वापरत नाही. पण सगळा ट्रे आधीच भिजवून ठेवू नये. धुतल्याने कवचावरचं संरक्षक आवरण जातं, म्हणून भिजलेलं अंडं त्याच रात्री संपवायचं. एक मात्र आहे : तडकलेलं अंडंही ताजं असेल तर पाण्यात बुडेल, म्हणजे पाण्यात तडा कळत नाही. ते ओळखायला दोन अंडी हलकेच एकमेकांना लावायची. तडा असेल तर खणखणीत नाही, बद्द आवाज येतो.

त्या रात्री ऑम्लेट झाल्यावर ताईंना हाक मारली. त्या दचकून उठल्या आणि आधी विचारलं, "किती वाजले?"