काकांचं भाषण, एकच लांब शॉट

आजोबांच्या पंचाहत्तरीतलं काकांचं भाषण एकाच शॉटमध्ये आहे. कंटाळवाणं होऊ नये म्हणून कसं कापू?

त्याच शॉटला झूम करून जवळचा शॉट बनवा आणि दोन्ही आलटून-पालटून लावा. शूट 4K असेल तर टाइमलाइन 1080p ठेवा, म्हणजे दुप्पट झूम केलं तरी चित्र फाटत नाही. मूळ शॉट 100 टक्के, जवळचा 140 च्या आसपास. 110 केलंत तर कट वाटतच नाही, कॅमेऱ्याला कुणाचा तरी धक्का लागला असं दिसतं. झूम करताना डोळे फ्रेमच्या वरच्या तृतीयांशातच ठेवा आणि कट मुद्दा बदलतो तिथेच मारा.

खोकला किंवा "अं…" काढलात की तिथे मान उडी मारते. त्यावर श्रोत्यांचा दोन-तीन सेकंदांचा शॉट टाका. खाली काकांचा आवाज सलग चालू राहू दे. फक्त टाळ्या वाजवणारे हात गंभीर वाक्यावर टाकू नका, चोरी लगेच पकडली जाते.