मी घरी सुगंधी मेणबत्त्या करून विकते. आयडा फ्रेमवर्क उदाहरण देऊन सांगाल का?

आयडा म्हणजे जाहिरात लिहायच्या चार पायऱ्या: अटेन्शन, इंटरेस्ट, डिझायर, अॅक्शन. ही नावं तुम्ही वाचलीच असतील. घोळ होतो तो शेवटच्या दोघांत. माझी एक अख्खी दिवाळी तिथेच गेली.

मीही सोया वॅक्सच्या, मोगऱ्याच्या वासाच्या ६० मेणबत्त्या विकायला केल्या होत्या. पोस्ट दिरांनी लिहून दिली, ते जाहिरातीतले. सुरुवात ‘दिवाळीनिमित्त भव्य सवलत’, शेवट ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’. मी म्हटलं, भावोजी, किंमत लिहूया ना. ते म्हणाले, किंमत दिसली की गिऱ्हाईक पळतं, आधी बोलतं करायचं. चाळीसेक जणींनी विचारलं. घरचं आवरून, पॅकिंग करून मी रात्री ११ ला उत्तरं द्यायला बसायचे, तोवर त्या गार झालेल्या. ११ मेणबत्त्या गेल्या.

पुढच्या दिवाळीला पोस्ट मी लिहिली. फोटो नव्याकोऱ्या मेणबत्तीचा नाही, अर्ध्या जळलेल्या मेणबत्तीचा टाकला, काचेच्या कडेपर्यंत मेण सपाट वितळलेलं. वर एकच ओळ: ‘तुमची मेणबत्ती मधे खड्डा पडून विझते का?’ हे अटेन्शन.

मग कारण सांगितलं. पहिल्यांदा लावल्यावर मेण कडेपर्यंत वितळायच्या आत विझवली, तर पुढेही तेवढंच वर्तुळ वितळत राहतं आणि वात खाली खाली जाते. साडेसात सेंटिमीटरच्या ग्लासला पहिल्या वेळी साधारण ३ तास द्यावे लागतात. हे वाचून बाई थांबते, कारण तिच्या घरी तशी एक पडलेली असते. हा इंटरेस्ट.

डिझायरसाठी ‘प्रीमियम’, ‘लक्झरी’ असलं काही लिहू नका, त्यातून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. मी लिहिलं: ‘पाहुणे यायच्या तासभर आधी लावा. दार उघडताच मोगरा दरवळेल.’

आणि अॅक्शन: ‘३५० रुपये, कुरिअरसकट. रविवारपर्यंत व्हॉट्सअॅपवर “मोगरा” आणि पत्ता पाठवा, सोमवारी पार्सल निघेल.’ किंमत, मुदत, एकच काम. ६० पैकी ५२ गेल्या.

फोटोही सुधारला होता, तेव्हा सगळं श्रेय शब्दांना देत नाही. शिवाय सोया मेणबत्ती ओतल्यावर आठ-पंधरा दिवस मुरू द्यावी लागते. ताजी पाठवलीत तर वास फिका येतो, डिझायरची ओळ खोटी ठरते आणि ती बाई पुन्हा येत नाही. पुन्हा येण्याचं आयडात काहीच नाही, ते पहिल्या विक्रीपाशी थांबतं.

भावोजी अजून म्हणतात, दागिन्यांत किंमत न लिहिणंच चालतं. चालत असेल. तिथे गिऱ्हाईक दुकानात बसलेलं असतं आणि विचारल्याबरोबर उत्तर मिळतं. साडेतीनशेच्या मेणबत्तीची किंमत कळायला रात्री ११ पर्यंत कुणी थांबत नाही.