ऑफिसातल्या लैंगिक छळाची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे द्यायच्या आधी एवढं बघ

अगं, सगळ्यात आधी तारीख मोज. शेवटची घटना झाली तिथून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, उशीर झालाच तर समिती अजून 3 महिने देऊ शकते पण कारण पटावं लागतं. एचआरच्या मॅडमना चहा पिता पिता सांगितलं ते धरत नाहीत, मी समितीवर असताना बऱ्याच जणी इथेच अडकायच्या.

दुसरी चूक म्हणजे "ते त्रास देतात" एवढंच लिहिणं. असं लिही: अमुक तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास प्रिंटरपाशी त्यांनी कमरेला हात लावला, मी बाजूला झाले, शेजारच्या टेबलवरच्या अमक्यांनी पाहिलं, रात्री साडेदहाला सॉरीचा मेसेज आला. सोबत स्क्रीनशॉट, साक्षीदारांची नावं-पत्ते, सगळ्याच्या 6 प्रती. आणि मूळ चॅट डिलीट करू नकोस, राग आला तरी.

मग काय होतं? तक्रारीची प्रत 7 कामाच्या दिवसांत त्याच्या हातात जाते, त्याच्यापासून तुझं नाव लपत नाही, मनाची तयारी ठेव. चौकशीला 90 दिवस. तो तुझाच बॉस असेल तर तोवर बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा लेखी माग, आपणहून कोणी विचारत नाही. वकील दोघांनाही आणता येत नाही. समझोता फक्त तू म्हणालीस तरच, आणि पैशांवर नाही.

समिती शिफारस करते, कारवाई कंपनीने करायची, 60 दिवसांत. नुसतं सिद्ध झालं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, ती भीती कोणी घातली तर ऐकू नकोस.