‘सोपवलं’ दिसलं की न्यासभंगच?

“सर, दर रविवारी मॉक देतो. घरी येऊन आन्सर की बघतो, चुकलेले प्रश्न बरोबर उत्तरासकट वहीत उतरवतो. दुसरी वही संपत आली, तरी शंभरापैकी 58, 61, 59 याच्या पुढे गाडी सरकत नाही. वाचन कमी पडतंय का?”

विद्यार्थी मित्रांनो,

दिवाणी न्यायाधीश पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या तुमच्यातल्याच एकाचा हा प्रश्न. त्याची वही नीटनेटकी आहे. निळ्या शाईत प्रश्न, हिरव्यात उत्तर. आपण चुकीचा पर्याय कशामुळे निवडला, हे मात्र एकाही पानावर नाही.

त्याला तिसरा पेपर पुन्हा सोडवायला लावला. आन्सर की बंद, फक्त न जमलेले 41 प्रश्न, घड्याळ न लावता. त्यातले 14 आपोआप बरोबर आले. ‘पुढीलपैकी चुकीचे विधान कोणते’ यातलं ‘चुकीचे’ घाईत डोळ्यांआड गेलं होतं, एवढंच. यावर वाचन वाढवून उपयोग नाही. असा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलची रेघ मारायची, आणि संगणकावर परीक्षा असेल तर तो कच्च्या कागदावर लिहायचा. 9 प्रश्नांचा विषयच वाचलेला नव्हता. उरलेले 18 त्याने तितक्याच ठामपणे पुन्हा चुकवले. गुण अडकले होते ते इथे.

त्यातला एक बघा. ब ने घरातली चांदीची भांडी सांभाळायला नोकर अ कडे सोपवली. अ ती घेऊन ब च्या संमतीशिवाय पळाला. गुन्हा कोणता? त्याचं उत्तर फौजदारीपात्र न्यासभंग, आन्सर की म्हणते चोरी. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “सोपवली होती ना, सर.”

चूक या एका वाक्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवावी लागते. मग भांडी होती कोणाच्या ताब्यात? कलम 3(3) सांगतं, मालकाच्या वतीने नोकराजवळ असलेली वस्तू मालकाच्याच ताब्यात असते. म्हणून ती घेऊन पळणं ही चोरी.

आता आधीच्या मॉकमधला त्याचा प्रश्न. ब प्रवासाला जाताना भांडी गोदामवाल्या अ कडे ठेवून गेला, अ ने ती सोनाराला विकली. त्याने न्यासभंग लिहिलं आणि गुण मिळाला. पण इथेही त्याचं कारण तेच होतं: ‘सोपवलं’. खरं कारण असं, की गोदामवाला नोकर नाही, ताबा त्याच्याकडे गेला होता, त्यामुळे ब च्या ताब्यातून काही हललंच नाही. चुकीच्या विचाराने बरोबर आलेलं उत्तर वहीत कधीच चढत नाही. म्हणून पेपर देतानाच, शंका वाटली त्या प्रश्नापुढे टिंब द्या आणि नंतर ते प्रश्नही तपासा. (ही दोन्ही उदाहरणं कलम 303 खालच्या दृष्टांतांतलीच आहेत. बेअर ॲक्ट वाचताना दृष्टांत गाळणारे फार!)

वहीत या प्रश्नाखाली आता तीन ओळी आल्या. ‘मी काय धरून चाललो: सोपवलं म्हणजे न्यासभंग. कुठे फसलो: ताबा कोणाचा हे विचारलंच नाही. पुढच्या वेळी: आधी ताबा, मग कलम.’ प्रश्न अख्खा उतरवायची गरज नाही, पेपर आणि प्रश्न क्रमांक पुरतो. शंभर प्रश्नांच्या पेपराला एवढं करायला दोन बैठका लागतात. त्या आठवड्यात दुसरा मॉक नाही दिला तरी चालेल.

एक धोका आहे. तिसरी ओळ घाईत लिहिली, तर ‘नोकर असला की चोरी’ असा नवा चुकीचा नियम तयार होतो. नोकराने केलेल्या न्यासभंगासाठी कलम 316(4) आहेच. दुकानाची उधारी ग्राहकांकडून वसूल करून परस्पर खिशात घालणारा कारकून तिथे येतो, कारण ते पैसे मालकाच्या ताब्यात अजून पोचलेलेच नसतात. म्हणून दहा दिवसांनी जुना प्रश्न तसाच सोडवू नका. उत्तर पाठ झालेलं असतं. त्यातली एक गोष्ट बदला. नोकराच्या जागी इतवारीतला ओळखीचा व्यापारी घाला, किंवा भांडी सोपवण्याऐवजी ती रस्त्यावर सापडली असं करा. रस्त्यावर सापडली तर ती कोणाच्याच ताब्यात नाहीत. मालक शोधता येत असूनही बेइमानीने विकली, तर कलम 314 चा अपहार.

जुने पेपर सोडवत असाल तर आणखी एक बघा. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू आहे, तरी कित्येक आन्सर कींमध्ये जुन्या भारतीय दंड संहितेतले 378, 405, 403 असेच आकडे आहेत. तिथे तुमचं उत्तर ‘चूक’ धरण्याआधी पेपराचं साल पाहा.

त्या विद्यार्थ्याच्या 18 प्रश्नांपैकी 5 प्रश्नांची दुसरी ओळ शब्दशः एकच निघाली: ताबा विचारला नाही. त्याला या आठवड्यात वाचायला कलम 303 ते 316 एवढंच दिलं आहे, दृष्टांतांसकट.